आमच्या घरातल्या भांडणाच्या वस्तू

तमाम आप्तेष्ट, शेजारी आणि माझ्याकडे चहाला येऊन स्वयंपाकघराचं कौतुक करणाऱ्या सर्व भगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घरातली एकही बरी वस्तू गरज पडली म्हणून आलेली नाही. सगळ्या भांडणानंतर आलेल्या आहेत. यात कुकर, मिक्सर, टेबलफॅन, कपाटाचा आरसा आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ यांचा समावेश आहे. पाहुण्यांनी वस्तूची किंमत विचारू नये. मला किंमत आठवत नाही, भांडण आठवतं.

कुकर म्हणजे माझ्या भावाचा साखरपुडा. अंजूरला, माझ्या माहेरी. मला जाऊ दिलं नाही, कारण नवऱ्याच्या मते भावाने आमंत्रण नीट दिलं नव्हतं. टेबलफॅन म्हणजे नणंदेसमोर मला "अडाणी" म्हटलं ते. खिडकीचे पडदे, पाच उशांचे अभ्रे, माझे दोन परकर, मुलीचा फ्रॉक आणि नवऱ्याची घरात घालायची बंडी हे सगळं एकाच भांडणाचं. त्या वेळी त्यांनी कापडाचा अख्खा तागाच उचलून आणला होता, निळ्या रेघांचा. भिवंडीत कापडाला तोटा नाही. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला आम्ही विहारात गेलो, तर मुलगी निळ्या रेघांची, तिच्या हातातली पिशवी निळ्या रेघांची, सासूबाईंचा रुमालही निळ्या रेघांचा. एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचं बँडपथक आहे का हो?"

मी हसले. त्या काळात मला लवकर हसू यायचं.

आता नवऱ्याची बाजू सांगते, नाहीतर हे वाचून ते चष्मा पुसत बसतील. माणूस निर्व्यसनी. हात कधी उगारला नाही. एका मोठ्या कारखान्यात ते जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम, कापड विणायचा माग, बिघडला की दुरुस्त करणारा. चोवीस लूम त्यांच्या हाताखाली, आणि विणकर त्यांना उस्ताद म्हणायचे. बाहेर एकदम गोड. घरात मात्र दर महिना-दीड महिन्याने त्यांचं डोकं फिरायचं. राग दहा मिनिटांचा, पण त्या दहा मिनिटांत तोंडाला येईल ते बोलायचे. माझ्या बापापासून माझ्या भाकरीपर्यंत काही सुटायचं नाही. ताट सरकवायचे, दार आपटायचे आणि निघून जायचे.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ड्युटी सुटल्यावर, आमच्या चाळीच्या बोळात शीळ ऐकू यायची.

शीळ आली की बोळातल्या बायका दारात. कारण पिशवी कधी झाकलेली नसायची. ती हातात जरा पुढे धरलेली असायची, आतलं खोकं दिसेल अशी. शेजारी उत्तर प्रदेशातून आलेल्या एका विणकराचं बिऱ्हाड होतं. त्याच्या बायकोला मी बाजी म्हणायची. बाजी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "भाभी, कल आवाज आई थी, आज मिठाई आई! अल्ला ऐसा मियाँ सबको दे. हमारेवाले तो लड़ के मुँह फुला के बैठते हैं, बस."

घरात आल्यावर नवरा पिशवी माझ्यासमोर ठेवायचा. "अगं, बघ तर खरं." मी लगेच बघायचं. साडी असेल तर त्याच संध्याकाळी नेसायची. बर्फी असेल तर पहिला तुकडा त्यांच्यासमोर खायचा. मग ते दोन-तीन दिवस इतके चांगले वागायचे की मला भीती वाटायची. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा हंडे घेऊन स्वतः रांगेत उभे राहायचे. नळावर पुरुष म्हणजे आमच्या चाळीत चमत्कार. बायका त्यांना पुढे नंबर द्यायच्या आणि मला येऊन सांगायच्या, नशीब काढलंस.

फक्त एक गोष्ट चालायची नाही. काल काय झालं ते काढायचं नाही. मी तोंड उघडलं, की त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला व्हायचा. "अगं एवढं आणलं तरी तुझं तेच? माणसाने अजून काय करायचं?" आणि पुढच्या क्षणी भांडण सुरू. या भांडणात चूक माझी असायची, कारण साडी तर त्यांनी आणली होती.

म्हणून मी बोलायचं सोडलं. साडी नेसायची, बर्फी खायची, आणि ज्यावरून भांडण झालं ते तसंच कपाटाखाली सरकवायचं. महिन्याभराने ते पुन्हा बाहेर यायचं. तेच. साखरपुड्यानंतर बारसं, बारशानंतर कुणाची तरी हळद, आणि दर वेळी "तुझ्या माहेरच्यांनी आमंत्रण नीट दिलं नाही."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सासूबाई आता नाहीत, म्हणून देते. मिक्सरचं भांडण मी मुद्दाम केलं.

त्या दिवाळीत चाळीत दोन घरांत मिक्सर आले होते आणि माझा जीव पाट्या-वरवंट्यावर कंटाळला होता. मी हिशेब केला, दीड महिना झाला, यांना राग काही येत नाही. मग आपणच का आणू नये? एका संध्याकाळी ते जेवायला बसले आणि मी सुरू झाले. कालवणात मीठ जास्त पडलं होतं, माझ्याकडूनच. त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मीच म्हणाले, "बोला ना, मीठ जास्त झालंय म्हणून! मनात ठेवू नका! तुमच्या आईने कधी बरं कालवण केलंय का?" सासूबाई आ वासून माझ्याकडे बघत राहिल्या. नवरा गोंधळला, मग चिडला, मग दार आपटून गेला. मी आतल्या खोलीत जाऊन तोंडात पदर घालून हसले. हो, हसले. लिहायला काय जातंय.

दुसऱ्या दिवशी शीळ आली. मिक्सर आला. तीन भांड्यांचा.

बोळभर कौतुक झालं. मी मिक्सर पुसला, प्लग लावला, खोबरं टाकलं. ते खोबरं गरगर फिरताना मी बघत होते आणि अचानक मला फार थकल्यासारखं झालं. कारण त्या भांडणात त्यांची काही चूकच नव्हती. सगळी माझी होती, मी घडवून आणलेली. आणि तरी मिक्सर आला! माझी चूक आहे की त्यांची, मला लागलंय की नाही, याच्याशी त्या वस्तूचा काही संबंध नव्हता. घरात अबोला झाला की त्यांना आत काहीतरी टोचायचं, आणि ते टोचणं थांबवायला ते दुकानात जायचे. त्यांना वाईट वाटत होतं, ते खोटं नव्हतं. पण त्यांना आधी आपलं वाईट वाटणं संपवायचं असायचं. माझ्यापर्यंत पोचायच्या आतच ते संपायचं, दुकानाच्या काउंटरवर.

मी चटणी वाटली. चांगली झाली. सासूबाई चाखून म्हणाल्या, "पाट्यावरची चव न्हाय येत."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांचा डबा घरी राहिला म्हणून मी कारखान्यात गेले. कारखान्यात आवाज इतका की माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. नवरा एका लूमपाशी वाकला होता. त्याने आधी लूम बंद केला. मग विणकराच्या कानाशी जाऊन विचारलं, "कब से कर रहा है? कौन सी तरफ से?" विणकराने दाखवलं. नवऱ्याने ऐकून घेतलं, मग हात आत घातला, काहीतरी चाचपलं, लूम चालू केला, कान लावला, पुन्हा बंद केला. तीनदा. चवथ्यांदा बरोबर आवाज आला, तेव्हा विणकराच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या लूमकडे गेला. मी दारात डबा घेऊन उभी. मला इतका राग आला! त्या लोखंडाला विचारलं, कधीपासून, कुठल्या बाजूने. मला सात वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

आता घड्याळाचं भांडण.

मी नववी झालेली. लग्नामुळे दहावी राहिली. माझे वडील शेवटपर्यंत म्हणायचे, पोरी, दहावी कर. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा मी आमच्या वस्तीतल्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागले. बालवाडी चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, दहावी पास झालीस तर तुला शिक्षिका म्हणून कायम करते, पण यंदाच, पुढच्या वर्षी दुसरी मुलगी घ्यावी लागेल. म्हणून मी सतरा नंबरचा फॉर्म भरला, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा. विहारात संध्याकाळी एक सर आम्हा सात बायकांना गणित आणि इंग्रजी शिकवायचे, फुकट. फेब्रुवारीच्या शेवटी प्रवेशपत्र हातात आलं. त्यावर माझा फोटो, डोळे मिटलेले. मी ते फळीवर साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि दिवसातून चार वेळा डबा उचलून बघायची.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. त्या शुक्रवारी मी विहारात असताना नवऱ्याचे चार मित्र घरी आले, न सांगता. सासूबाईंचे गुडघे धरलेले. चहा नवऱ्याला करावा लागला. मित्रांनी थट्टा केली. एक म्हणाला, "उस्ताद, भाभी कॉलेज गई क्या? कल से रोटी भी आप ही बेलना." हे मला बाजीने नंतर सांगितलं, भिंतीतून सगळं ऐकू येतं.

मी आले तेव्हा मित्र गेले होते. घरात चहाच्या कपांचा ढीग. मी चप्पल काढतेय तेवढ्यात सुरुवात झाली. शिकून कोण होणार आहेस, चार लोकांत माझी लाज काढलीस, वगैरे. मी म्हणाले, "चहाच केलात ना? नांगर तर नाही ओढला."

हे बोलायला नको होतं, पण बोलले. त्यांनी फळीवरचा डबा उचलला, प्रवेशपत्र काढलं आणि फाडलं. एकदा उभं, एकदा आडवं. तुकडे चुलीत टाकले आणि दार आपटून गेले.

मी रडले नाही. चुलीपाशी बसून राहिले. सासूबाई भिंतीला धरून उठल्या, माझ्याजवळ आल्या, आणि कप विसळायला लागल्या. त्या बाईने माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा कप विसळले.

परीक्षेला तेरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी शीळ आली. पेढे आणि गजरा. मी गजरा माळला नाही. तिसऱ्या दिवशी साडी, पोपटी, काठाची. चवथ्या दिवशी त्यांनी स्वतः मटण आणून स्वतः शिजवलं, आणि सासूबाईंना विचारून मसाला वाटला, त्याच मिक्सरवर. रोज पहाटे पाणी भरत होते. मुलीचे केस विंचरून देत होते, वेडीवाकडी वेणी घालत होते. इतकं चांगलं ते कधीच वागले नव्हते. नळावरच्या बायका मला म्हणायला लागल्या, आता तरी नीट बोल बाई त्याच्याशी, किती करतोय बिचारा.

आणि सहाव्या दिवशी घड्याळ. बायकी, सोनेरी पट्ट्याचं. माझ्या हातात बांधत म्हणाले, "परीक्षेत वेळ बघायला लागेल ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती. डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"परीक्षेला बसायचं कसं?" मी विचारलं. "प्रवेशपत्र कुठाय?"

"परत तेच?" त्यांनी पट्टा सोडला. "घड्याळ आवडलं नाही का?"

"घड्याळ चांगलंय. प्रवेशपत्राचं काय करायचं?"

"मी एवढं करतोय ते दिसत नाही तुला?"

"दिसतंय. सगळ्या चाळीला दिसतंय."

नंतर कधीतरी मला कळलं की त्या सहा दिवसांत ते दोनदा मी जिथून फॉर्म भरला त्या शाळेवरून गेले होते आणि आत न जाता पुढे मिठाईच्या दुकानात गेले होते. आत गेलं तर काहीतरी सांगावं लागलं असतं. दुकानात काही सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी मी बाजीकडे बसले होते. तिला म्हणाले, तुझा नवरा काही आणत नाही ते बरं. बाजी मागावरच्या सुताच्या कांडीचा गुंता सोडवत होती. म्हणाली, "अरे भाभी, लाएगा क्या, चुप रहता है दो दिन. पर पिछले साल मेरी अम्मा को बोल दिया था कुछ. फिर खुद चिट्ठी लिखवाई अम्मा को, माफ़ी की. मेरे को बताया भी नहीं. अम्मा ने बताया." एवढं बोलून पुन्हा गुंता सोडवायला लागली. तिला यात काही विशेष वाटलं नव्हतं.

विहारातले सर म्हणाले, दुसरी प्रत मिळते. ज्या शाळेतून फॉर्म भरला तिथल्या मुख्याध्यापकांकडे अर्ज करायचा, कारण लिहायचं, ते पुढे पाठवतात. पण लगेच करा.

त्याच संध्याकाळी मी कपडे पिळत होते. पाठ वळवून, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "अर्ज करायचाय. त्यात कारण लिहायची जागा आहे. काय लिहू?"

"हरवलं म्हणून लिही."

"कुणाकडून?"

"आता कुणाकडून म्हणजे? तुझंच आहे ना."

"मग मी नाही लिहीत. उद्या तुमची सुट्टी आहे. तुम्ही चला, तुम्ही लिहा." मी एवढी थकले होते की आवाज चढला नाही. त्यालाच ते घाबरले असावेत. "नसेल यायचं तर येऊ नका. मी परीक्षेला बसणार नाही. पण मग ही साडी, घड्याळ, पेढे, मला यापुढे काही आणायचं नाही. शीळसुद्धा वाजवायची नाही."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "जा की रं. फाडताना एकलाच व्हतास, आता सांगायला सोबत पायजे व्हय?"

शुक्रवारी सकाळी आम्ही शाळेत गेलो. नवऱ्याच्या हातात पेढ्यांचा नवा बॉक्स. मुख्याध्यापकांसाठी! हसायला आलं असतं, पण ताकद नव्हती.

मुख्याध्यापक वयस्क, जाड भिंगांचे. बाजूला लिपिक आणि दोन शिक्षिका वह्या तपासत होत्या.

"हिचं प्रवेशपत्र हरवलंय, सर," नवरा म्हणाला आणि बॉक्स टेबलावर ठेवला.

"कुठे हरवलं?"

"घरातच."

"घरात हरवलं तर घरात शोधा. परीक्षेला अजून आठवडा आहे."

"शोधलं सर. सापडत नाही."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शेवटचं कुठे ठेवलं होतं?"

"फळीवर. साखरेच्या डब्याखाली."

"मग?"

आता माझी पाळी होती. सात वर्षं मी अशा जागा भरून काढत आले होते. आमंत्रण उशिरा मिळालं, डोकं दुखत होतं, दार वाऱ्याने आपटलं. एक वाक्य पुरलं असतं. मला प्रवेशपत्र हवं होतं, फार हवं होतं, आणि खोटं बोलले असते तर कदाचित लवकर मिळालं असतं. पण ते वाक्य तोंडातून निघेना. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत उभी राहिले.

"फाडलं, सर," नवरा म्हणाला.

"कुणी?"

"मी."

लिपिकाचं पेन थांबलं.

"का?"

"राग आला होता."

"कशाचा?"

नवऱ्याने एकदा माझ्याकडे, एकदा बॉक्सकडे बघितलं. "चहा मला करावा लागला."

एका शिक्षिकेने वहीत तोंड घातलं. तिचे खांदे हलत होते. नवऱ्याचे कान लाल झाले, मानेपर्यंत. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं एवढं हसं कधी झालं नव्हतं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला नाही. त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

"तसंच लिहा," मुख्याध्यापक म्हणाले आणि कागद पुढे सरकवला. नवऱ्याने बसून लिहिलं. सातवी झालेला माणूस, जोडाक्षरापाशी अडायचा. 'माझ्या पत्नीचे प्रवेशपत्र मी रागाच्या भरात फाडले. तिची काही चूक नाही.' दुसरं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि हे पेढे न्या," मुख्याध्यापक म्हणाले. "निकालानंतर आणा."

घरी येताना ते माझ्यापुढे दहा पावलं चालत होते. दोन दिवस बोलले नाहीत. पाणी भरलं नाही, काही आणलं नाही, चेहरा पडलेला. चाळीतल्या बायका म्हणाल्या, बघ, चांगला होता, तुझ्या हट्टाने बिघडला. मलाही वाटलं, बिघडलं सगळं. चुकीची कबुली दिल्यावर माणूस हलका होतो असं मी ऐकून होते. हे तर शिसं गिळल्यासारखे फिरत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अर्धी ड्युटी सोडली, शाळेत जाऊन दुसरी प्रत आणली आणि फळीवर ठेवली. मला दिलीही नाही. पुढच्या शुक्रवारी मी विहारात जायला निघाले तेव्हा म्हणाले, "मित्रांना सकाळचं यायला सांगितलंय." एवढंच. हे काही कौतुक करण्यासारखं नव्हतं, बोळात कुणाला दिसण्यासारखंही नव्हतं. मलाही दोन आठवडे कळलं नाही की काहीतरी बदललंय.

मी पास झाले. इंग्रजीत काठावर. बालवाडीत कायम झाले. नवऱ्याने मुख्याध्यापकांना पेढे नेऊन दिले, एकटे जाऊन.

त्यानंतर ते सुधारले, असं लिहून मी हे इथेच संपवू शकले असते. पण तीन वर्षं उलटून नव्वद साल उजाडलं तरी शीळ वाजतच होती. छोट्या भांडणांना बर्फी, मधल्यांना ब्लाउजपीस. मीही घेत होते. दमलेल्या माणसाला बर्फी लागतेच. फक्त मी एक गोष्ट शिकले होते. पिशवी त्यांनी ठेवली की मी तिला हात न लावता आधी काल काय झालं ते बोलायला सुरुवात करायची. त्यांनी ऐकून घेतलं तर पिशवी उघडायची. "परत तेच?" म्हणाले तर पिशवी तशीच राहायची, बर्फीला मुंग्या लागेपर्यंत. कधी ऐकायचे, कधी नाही. मुंग्यांची बऱ्यापैकी चैन झाली त्या वर्षांत.

मग एकदा असं झालं. सासूबाई राहनाळला लेकीकडे गेल्या होत्या. नवरा लवकर घरी आला, दाराला कुलूप, स्वतःची किल्ली कारखान्यात विसरलेली. तासभर ओट्यावर बसला आणि मग तडक बालवाडीत आला. मुलांना न्यायला आया आलेल्या. त्या सगळ्यांसमोर दारात उभा राहून ओरडला, "पोरांचे शेंबूड पुसतेस म्हणजे कलेक्टर झालीस काय? घराची शुद्ध आहे का?" मुलं घाबरून माझ्या साडीला चिकटली. मी किल्ली दिली. त्या आया माझ्याकडे मुलं पाठवायच्या, मला बाई म्हणायच्या. आता त्या खाली बघत होत्या.

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "मला बाई म्हणणारी तेवढी एकच जागा होती." बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलं सुटायच्या वेळेला, ते पुन्हा बालवाडीच्या दारात आले. ड्युटीच्या कपड्यांत, हात तेलाने काळे. आया थबकल्या. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "काल मी इथे ओरडलो. बाईंची चूक नव्हती. किल्ली मीच विसरलो होतो." मुलांना शिकवलेलं होतं, पाहुणे आले की काय म्हणायचं. सगळी एका सुरात ओरडली, "नमस्ते काका, बसा!" ते बसले नाहीत. कारखान्यात परत गेले.

मी घरी आले. सासूबाई सकाळीच राहनाळहून परतल्या होत्या आणि कालचं सगळं बाजीकडून ऐकून बसल्या होत्या. बालवाडीतलं दुपारचं मी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगताना मला नक्की काय होईल ते मलाच माहीत नव्हतं. भाजी निवडायला घेतली. सहा वाजले. शीळ आली नाही. नुसती पावलं आली. बाजी सवयीने दारात येऊन उभी. नवरा बोळातून आला, चपला काढल्या, आत येऊन खाली बसला आणि माझ्याकडे न बघता भाजीची जुडी ओढून निवडायला लागला.

सासूबाईंनी त्याचा उजवा हात बघितला. डावा बघितला. वाकून पाठीमागे बघितलं. मग दाराबाहेर, कुणी ठेवून गेलं असेल म्हणून. आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज कायच न्हाय आणलंस? अरं, म्हंजे या टायमाला खरंच तुझं चुकलं व्हतं!"